फोन मागितला की अनलॉक करूनच द्यावा

कुणी फोन मागितला तर "कशाला हवाय?" असं विचारू नये. असले प्रश्न संशयी माणसं विचारतात. आपण अंगठा टेकवावा, फोन उघडावा आणि समोरच्याच्या हातात अलगद ठेवावा. मग तो त्यात काय करतोय हेही बघू नये. दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावणं असभ्यपणाचं असतं, फोन आपला असला तरी.

फोटोंची काळजी वाटते? त्यावर सर्वांना ठाऊक असलेला रामबाण उपाय आहे: गॅलरीला अ‍ॅप लॉक लावावा. गॅलरीवर बोट ठेवलं की पिन मागतो, फार बरं वाटतं. पिन मात्र स्क्रीन लॉकचाच ठेवावा. तो घरातल्या सगळ्यांना पाठ असतो, म्हणजे आपण विसरलो तरी सोय.

या अ‍ॅप लॉकची थोरवी मला परवाच कळली. नात्यातले एक काका म्हणाले, "तुझा फोन दे जरा, माझी बॅटरी संपलीय. एक कागद पाठवायचाय व्हॉट्सअ‍ॅपवरून." दिला. गॅलरीला लॉक होता, अगदी व्यवस्थित चालू होता. काकांनी गॅलरी उघडलीच नाही. त्यांनी कागदाचा फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेपरक्लिपच्या चिन्हावर बोट ठेवलं, तिथून 'गॅलरी' दाबलं आणि माझ्या फोटोंची अख्खी जाळी त्यांच्यापुढे पसरली. सगळ्यात ताजे फोटो सगळ्यात वर. त्यांच्या कागदाच्या शेजारीच माझ्या पाठीवर उठलेल्या पुरळाचे फोटो होते, डॉक्टरांना दाखवायला काढलेले. काकांनी कागद पाठवला नाही. आधी त्यांनी फोटो मोठा केला. मग दोन बोटांनी आणखी मोठा केला. मग फोन काकूंकडे सरकवला. "अरे, हे काय झालंय तुझ्या पाठीला?" तेवढ्यात तिसऱ्या कुणीतरी मान पुढे काढली, आणि माझ्या पाठीवर एक छोटी परिषद भरली.

लॉक फोडला का? छे. लॉक जिथे होता तिथेच होता. तो गॅलरी या अ‍ॅपच्या दाराला लावलेला होता आणि फोटो काही त्या अ‍ॅपच्या आत राहत नाहीत. कॅमेऱ्याने काढलेला फोटो अँड्रॉइड फोनच्या सामायिक साठ्यात जातो, DCIM नावाच्या फोल्डरमधल्या Camera या फोल्डरात. गॅलरी त्याच्यावरची एक खिडकी, इतकंच. फोटो बघायची परवानगी असलेलं प्रत्येक अ‍ॅप ही आणखी एक खिडकी असते: व्हॉट्सअ‍ॅप, ईमेलची अ‍ॅटॅचमेंट, फाइल मॅनेजर, फोनमध्ये आधीपासून असलेली दुसरी गॅलरी. एका खिडकीला कुलूप लावून आपण घर बंद केल्याचं समाधान मिळवतो. विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. गॅलरी लॉक करा, मग फाइल मॅनेजर उघडून 'इमेजेस' दाबा. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपची पेपरक्लिप. दोन्हीकडे फोटो दिसले, तर तुमचं लॉक माझ्यासारखंच उत्तम चालू आहे.

बरं, या सगळ्या खिडक्यांना लॉक लावला तरी व्हॉट्सअ‍ॅपचं काय करणार? काकांना तेच तर हवं होतं. ते उघडून द्यावंच लागतं, आणि ते उघडलं की पेपरक्लिपही उघडली.

खरंच लपवायचा फोटो त्या सामायिक साठ्यातून बाहेर काढावा लागतो. गूगल फोटोजमध्ये लॉक्ड फोल्डर आहे. तिथे हलवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या जाळीत दिसत नाही, फाइल मॅनेजरलाही सापडत नाही. पण ही भानगड करू नका. एक तर त्यात फोटो निवडून हलवावे लागतात, म्हणजे चार-पाच टॅप. दुसरं म्हणजे या फोल्डरचं बॅकअप चालू नसेल आणि तुम्ही अ‍ॅपचा डेटा पुसलात, तर ते फोटो कायमचे गेले. शिवाय तो फोल्डर उघडतो स्क्रीन लॉकनेच. आणि तो पिन कुणाकुणाला पाठ आहे हे वर आलंच. इतकं करूनही डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो त्या चॅटमध्ये तसाच हसत बसलेला असतो, आणि त्याची एक प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या Sent फोल्डरमध्ये असते. हे कळल्यावर माणसाने हलवाहलव सोडून फोटो थेट सर्वांना फॉरवर्ड करावेत, निदान वेळ वाचेल.

नोटिफिकेशन लपवू नका. समोरच्याला तेवढीच करमणूक.

आता गेस्ट मोड. याच्या तर वाटेलाही जाऊ नका. अँड्रॉइड फोनमध्ये हा २०१४ साली, ५.० आवृत्तीबरोबर आला. इतक्या वर्षांत कुणी तो लावून फोन दिल्याचं तुम्ही पाहिलंय का? मग तुम्हीच का शहाणे व्हायचं? त्याचा त्रास किती ते ऐका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात युजर्स किंवा मल्टिपल युजर्स, तिथलं बटण एकदा चालू करायचं. एकदाच, पण करावं लागतं. त्यानंतर कुणी फोन मागितला की वरची पट्टी दोनदा खाली ओढायची, माणसाच्या चित्रावर टॅप करायचं, गेस्ट निवडायचा. स्क्रीन क्षणभर थांबते आणि समोर येतो दुकानातून नुकताच आणल्यासारखा कोरा फोन. फोटोंचं अ‍ॅप उघडलं तर रिकामं. फाइल मॅनेजर रिकामा. ब्राउझरला तुमचा एकही शोध आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच. कारण गेस्टचा साठाच वेगळा असतो. इथे कुठली खिडकी बंद केलेली नसते, इथे घरच दुसरं असतं.

काकांसारख्या माणसाला असा फोन दिला तर काय होईल, कल्पना करा. "अरे, तुझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही?" "आहे ना काका, पण ते माझ्या बाजूला आहे. कॉल करायचाय का तुम्हाला? थांबा, चालू करून देतो." गेस्टला कॉल करू द्यायचे की नाही, हेही त्याच युजर्सच्या पानावर, गेस्टच्या नावाखाली ठरवता येतं. म्हणजे एवढा भोळा चेहरा करून उभं राहावं लागतं. काम झालं की गेस्टमधून बाहेर पडायचं, आणि 'डिलीट' निवडलं की त्यांनी काय उघडलं, कुठे लॉगिन केलं, सगळं पुसलं जातं. त्यांचं गुपितही सुरक्षित! एवढा शिष्टाचार कुणाला झेपणार?

एक मात्र आहे. गेस्टमधून तुमच्या बाजूला परत यायला तुमचा स्क्रीन लॉक लागतो. लॉकच ठेवला नसेल, किंवा तोच कुटुंबप्रिय पिन असेल, तर काका त्याच माणसाच्या चित्रावर टॅप करून इकडे परत येतात. पाठ इकडेच आहे.

घरातलं कुणी रोज तोच फोन वापरत असेल तर गेस्टऐवजी स्वतंत्र युजर करता येतो. त्याची अ‍ॅप, त्याचे फोटो, त्याचा लॉक. गेस्टसारखं पुसलं जात नाही, टिकून राहतं. साठ्याची जागा मात्र तो तुमच्याच फोनमधून खातो.

सॅमसंगच्या फोनमध्ये युजर बदलायची ही सोय सहसा मिळत नाही, टॅबलेटमध्ये मिळते. फोनला सिक्युअर फोल्डर आहे, म्हणजे फोटो आणि अ‍ॅप वेगळ्या लॉकमागे ठेवायची जागा. त्याचाही पिन वेगळा ठेवता येतो, म्हणून ठेवू नका.

आयफोनवाल्यांना गेस्ट मोड नाहीच. पण आनंदून जाऊ नका, त्यांच्याकडे 'गाइडेड अ‍ॅक्सेस' आहे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन तो चालू करायचा, फोटो उघडायचा, बाजूचं बटण तीनदा दाबायचं आणि पर्यायांमध्ये 'टच' बंद करायचा. आता फोटो दिसतो, पण बोट कितीही फिरवा, पुढचा येत नाही. फोन हातात घेऊन उत्साहाने डावीकडे-उजवीकडे सरकवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव बघायला मिळतात. अँड्रॉइडमध्ये याच्यासारखं वाटणारं अ‍ॅप पिनिंग आहे, पण ते माणसाला फक्त त्या अ‍ॅपमध्ये कोंडतं. गॅलरी पिन केलीत तर तुम्ही त्याला नेमकं गॅलरीतच कोंडलंत.

पुरे झाला उपरोध. मला एकच विचारायचंय, आणि ते फोन देणाऱ्याला नाही. एक फोटो बघायला दिला, तर बोट का हलतं हो तुमचं? मी फोटो दाखवला एक. 'पुढचे बघा' म्हणालो नव्हतो. कागद पाठवायला फोन घेतलात, तर कागद पाठवा. मधल्या फोटोवर नजर पडली हे समजू शकतो. जाळी समोर आल्यावर नजर पडणारच. पण तो उघडायचा, मोठा करायचा आणि शेजारच्याला दाखवायचा, हे नजरेने होत नाही. त्याला हात लागतो. प्रत्येक वेळी तो हात तुम्ही उचललात.

वर "लपवण्यासारखं आहे काय त्यात?" हे वाक्य तर बंदच करा. पुरळाचा फोटो लपवण्यासारखा नसतो, दाखवण्यासारखाही नसतो. तो डॉक्टरांसाठी असतो. कुणाच्या फोनमध्ये पगाराची पावती असेल, कुणाचा तपासणीचा अहवाल, कुणाचं आपल्या माणसाबरोबरचं काही. ते काय आहे हे तुम्हाला सांगायला कुणीही बांधलेलं नाही. आणि कुणी तुमच्यापुढे गेस्टचा कोरा फोन ठेवला, तर "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून तोंड वाकडं करू नका. नसेल विश्वास. तुम्ही कॉलसाठी फोन घेऊन गॅलरीत फिरता, तो उगाच कशाला असेल?