आकृतीतली नावं, बाण आणि तुमचा सूर

प्रतिक्रिया: «अन्नजाळ्याची आकृती गवतापासून सुरू करून खाण्याच्या क्रमाने लिहिली की ऐकणाऱ्याला लगेच कळते. तुम्ही आधी सगळी नावं, मग बाण असा फाफटपसारा केला आहे. ‘उंदिर’ तसंच ठेवणं हा आळस. शिवाय ‘उत्पादक’पासून निघणारी रेघ बाण नाहीच. कधी वर्गात उभं राहून बघा, मॅडम.»

नमस्कार. मुलांच्या वहीतली आकृती अंध शिक्षकाला ऐकून तपासता यावी म्हणून शब्दांत कशी टाइप करायची, या माझ्या लेखावर तुम्ही ही प्रतिक्रिया दिलीत. आधी तुमचं बरोबर असलेलं सांगते. ‘उत्पादक’ या शब्दापासून गवताकडे गेलेल्या रेघेला टोक नाही. ती नाव दाखवणारी रेघ आहे, मी तिला बाण म्हटलं ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘वर्गात उभं राहून बघा’ हे कशासाठी? मी अकरा वर्षं माझ्या एका अंध सहकाऱ्याला मुलांच्या विज्ञानाच्या वह्या वाचून दाखवल्या आणि पुढे टाइप करून दिल्या. ते संगणकावर ऐकून गुण देत. मतभेद असू द्या, मला त्याचं काही नाही. माणूस काय करतो हे न विचारता त्याला वर्ग दाखवायला निघणं मात्र खटकलं.

आता खाण्याच्या क्रमाबद्दल. हे वाक्य तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलंत की त्यावर सविस्तर बोलायलाच हवं. आकृती आठवीतल्या मुलाची, पेन्सिलीने काढलेली. सर्वात वर गरुड, खाली डावीकडे साप, उजवीकडे बेडूक, त्याखाली उंदिर आणि नाकतोडा, तळाशी गवत. गवतापासून दोन बाण निघतात, एक उंदराकडे, एक नाकतोड्याकडे. मग दुसऱ्या क्रमांकावर कोण लिहायचं? उंदीर लिहून सापापर्यंत गेलात तर नाकतोडा आणि बेडूक यांच्यासाठी मागे यावं लागतं आणि साप दुसऱ्यांदा लिहावा लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलाने दोन साप काढलेत. अन्नसाखळी असती तर तुमचा क्रम चालला असता. हे जाळं आहे.

म्हणून नावं कागदावर जिथे आहेत त्या क्रमाने लिहायची, वरून खाली आणि एका ओळीत डावीकडून उजवीकडे: १ गरुड, २ साप, ३ बेडूक, ४ उंदिर, ५ नाकतोडा, ६ गवत. ‘उत्पादक’ गवताच्या बाजूला लिहिलेलं आहे, ते ७. मग बाण, ज्या नावापासून निघतात त्याच्या क्रमाने:

१ कडून ४ कडे
२ कडून १ कडे
३ कडून २ कडे
४ कडून २ कडे
५ कडून ३ कडे
६ कडून ४ कडे
६ कडून ५ कडे

आणि शेवटी: ७ पासून ६ पर्यंत रेघ, टोक नाही. बाणाचं चिन्ह मी टाळते, कारण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते उच्चारेल की गाळेल हे सेटिंगवर अवलंबून असतं. झाल्यावर कागदावरची टोकं मोजायची. सात टोकं, सात ओळी. एक जरी कमी भरली तर सहसा पुसट बाण सुटलेला असतो, किंवा दोन बाण एकमेकांना छेदतात तिथे गल्लत झालेली असते.

पहिली ओळ पुन्हा वाचा. बाण गरुडाकडून उंदराकडे! अन्नजाळ्यात बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जा कुठे गेली ते दाखवतो. या मुलाने तिथे बाणाचा अर्थ ‘खातो’ असा घेतला. बाकीचे सहा बरोबर आहेत, म्हणजे नियम त्याला ठाऊक आहे, एका जागी घसरला आहे. तुमच्या पद्धतीने लिहिणारा माणूस ‘उंदीर, मग गरुड’ असं लिहून मोकळा होतो. मुलाची चूक लिहिणाऱ्याच्या हातूनच दुरुस्त होते आणि तपासणाऱ्याला कळतही नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षी माझ्याच हातून असा एक बाण सुलटा झाला. सहकाऱ्यांनी पूर्ण गुण दिले आणि त्या मुलीने पुढच्या परीक्षेत तोच बाण पुन्हा उलटा काढला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मुलाने ऱ्हस्व लिहिलेलं ‘उंदिर’ याच कारणासाठी तसंच आहे. आळस म्हणण्याआधी एवढं विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःही अडते. बाणाचं टोक खोडलेलं असेल आणि दुसरं काढलेलं नसेल तर दिशा ठरवता येत नाही. तिथे मी ‘४ आणि २ मध्ये रेघ, टोक खोडलेलं’ एवढंच लिहिते आणि गुणांचं शिक्षकावर सोडते. याला तुमच्याकडे अधिक चांगला उपाय असेल तर जरूर लिहा, नीट बोललात तर मीही नीट ऐकेन. लेखातली पहिली ओळ मात्र ‘१ कडून ४ कडे’ अशीच राहील.