गाडी गेटवर आली, पुढे काय होतं?

इंटर्नल ऑडिट म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसतो. कुठलं काय! आमचा निम्मा वेळ माणसांना प्रश्न विचारण्यात जातो, आणि उरलेला निम्मा त्यांनी जे सांगितलं ते खरंच तसं घडतं का हे बघण्यात. पहिल्या निम्म्यात चहा मिळतो. दुसऱ्या निम्म्यात तो बंद होतो.

यंदा एका एमआयडीसीतल्या कारखान्यात खरेदी आणि स्टोअरचं ऑडिट होतं, नाव सांगत नाही, पण सगळे कारखाने आतून सारखेच असतात. प्रोसेस ओनर, म्हणजे ती कामं ज्यांच्या जबाबदारीत ती माणसं, दोन. एक स्टोअरचे काका, म्हणजे वय पन्नाशीचं, पण सगळे काकाच म्हणतात, आणि दुसरे परचेसचे साहेब. सोबत माझा आर्टिकल, सीएचं शिक्षण घेणारा गुणी मुलगा, फक्त शांतता सहन होत नाही त्याला. इंटरव्ह्यूमध्ये हा दुर्गुण फार महागात पडतो.

म्हणजे बघा, मी काकांना विचारलं, "काका, मालाची एक गाडी गेटवर आली, तिथपासून पुढे काय काय होतं ते सांगा ना." एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. माणूस आधी विचार करतो, मग खुर्ची पुढे ओढतो, मग सांगायला लागतो. काका विचार करतच होते तेवढ्यात आमचा शहाणा म्हणाला, "म्हणजे पीओ चेक करून त्याच दिवशी जीआरएन करता ना?" पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आणि जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची सिस्टममधली नोंद.

काकांचा चेहरा एकदम खुलला. "हो, हो! पीओ चेक करतो आणि त्याच दिवशी जीआरएन. अगदी बरोबर."

झालं. परीक्षेत प्रश्नपत्रिकेलाच उत्तर छापून आलं तर कोण चुकीचं लिहील? "ना" लावून विचारलेल्या प्रश्नाला जगातला कुठलाही प्रोसेस ओनर "नाही" म्हणत नाही. आर्टिकलला मी टेबलाखालून पाय मारला, तो नेमका काकांना लागला, आणि ते म्हणाले, "मॅडम, काही चुकलं का?"

मग पुन्हा पहिल्यापासून. आता मी प्रोसेस सोडून गाडीच धरली. शेवटची गाडी कधी आली, तिच्यात काय होतं, कागद आधी कुणाच्या हातात आला, तुम्ही काय केलंत. असं विचारलं की माणूस एसओपी, म्हणजे कागदावर लिहिलेली पद्धत, विसरतो आणि खरं घडलेलं आठवायला लागतो. काका सांगायला लागले: गेटवर सिक्युरिटी एंट्री करते, गाडी काट्यावर जाते, भरलेली आणि रिकामी अशी दोन वजनं होतात, चलन माझ्याकडे येतं, माल उतरवतो, क्वालिटीवाला बघतो, आणि जनरली त्याच दिवशी मी सिस्टममध्ये जीआरएन टाकतो.

"आणि जनरली नसेल तेव्हा?"

काकांनी चहा मागवला. (हा माझ्या अनुभवात चांगला सिग्नल आहे.)

"तसं काही नसतं हो. एखाद्या वेळेस सिस्टम स्लो असते."

"तुम्ही रजेवर असलात की कोण करतं?"

"हा आमचा पोरगा आहे ना, हेल्पर. तयार केलाय मी त्याला. सगळं येतं."

"त्याचा लॉगिन आयडी?"

"त्याला कशाला आयडी?" काका मनापासून चकित झाले. त्यांच्या मते त्यांनी कंपनीचं एक लायसन्स वाचवलं होतं.

मी लिहून घेतलं. समोरचा बोलतो तेव्हा भुवया उडवायच्या नाहीत, लिहायचं. भुवई उडाली की उत्तर आखडतं. आर्टिकलची उडाली होती, पण त्याच्या भुवयांवर माझा कंट्रोल नाही.

मग परचेसचे साहेब. हे एसी केबिन, पाठीमागे बेस्ट सप्लायर अवॉर्डचे फोटो. साहेबांना मी विचारलं की एखादी वस्तू तातडीने लागली तर खरेदी कशी होते. साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे पीओशिवाय एक खिळा गेटच्या आत येत नाही." मी विचारलं, बरं, आणि पीओ मंजूर व्हायचा असेल आणि लाइन बंद पडायची वेळ आली तर? ते म्हणाले, "तशी वेळच येऊ देत नाही." अशा उत्तराला विचारायला काही उरतच नाही. साहेबांचं वाक्य मी जसंच्या तसं, खिळ्यासकट, वहीत उतरवलं आणि ठणठणीत मनाने बाहेर पडले.

आता दुसरा निम्मा. आमच्या धंद्यात तोंडी उत्तर हा पुरावा म्हणून अगदीच अशक्त मानतात. आयसीएआय या सीएंच्या संस्थेचं एसए ५०० हे स्टँडर्डही सांगतं की नुसत्या विचारपुशीने साधारणपणे भागत नाही. कुणी खोटं बोलतं म्हणून नव्हे, तर लोक प्रोसेस जशी असायला हवी तशी सांगतात, आणि सांगता सांगता त्यांनाही ती तशीच वाटायला लागते.

आर्टिकलने उत्साहाने सिस्टममधून वर्षभराच्या जीआरएनची यादी काढली, त्यातले पंचवीस निवडले आणि म्हणाला, मॅडम आता हे गेट रजिस्टरशी जुळवतो. म्हटलं, थांब रे बाबा. जीआरएनपासून सुरुवात केलीस तर ज्यांचं जीआरएन झालंय त्याच गाड्या सापडतील, जी गाडी येऊन नुसतीच पडून राहिली ती या यादीत असणारच नाही. उलटं कर. गेट रजिस्टर उघड, तिथून गाड्या निवड, आणि मग सिस्टममध्ये शोध. कुठून कुठे जायचं एवढाच फरक, पण पहिल्या दिशेने "माल नसताना एंट्री झाली का" हे कळतं आणि दुसऱ्या दिशेने "माल येऊनही एंट्री राहिली का". काकांचं म्हणणं तपासायला दुसरी दिशा लागते.

गेट रजिस्टर हा माझा अत्यंत लाडका ग्रंथ आहे. मळकट, कोपरे दुमडलेला, सुतळीने बांधलेलं बॉलपेन. ते लिहिणारा गार्ड कंत्राटी एजन्सीचा असतो, त्याला जीआरएन वेळेत झालं की नाही याच्याशी काडीचं घेणंदेणं नसतं, त्याचं प्रमोशन, बोनस काही त्यावर नसतं, म्हणून तो दिसलं तेच लिहितो. आणि काट्याच्या पावतीवर वेळ मशीन छापतं, तिथे तर प्रश्नच नाही.

तर आम्हाला सापडली २८ मार्चची एक गाडी, तारेची कॉइल, साडेनऊ टनाच्या आसपास. काट्याची पावती २८ मार्च. जीआरएनची पोस्टिंग तारीख २८ मार्च. आर्टिकल म्हणाला, "बघा मॅडम, काका बरोबर होते." म्हटलं, यादीत अजून एक कॉलम घे, एंट्री कधी केली त्याचा. पोस्टिंग तारीख माणूस टाकतो, एंट्रीची तारीख सिस्टम स्वतः लावतं. कॉलम घेतला. ४ एप्रिल.

म्हणजे काका खोटं बोलत नव्हते. दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये "त्याच दिवशी जीआरएन : १०० टक्के" असं छान हिरवं खातं होतं, आणि ते पोस्टिंग तारखेवरून काढलेलं होतं, त्यामुळे माल महिनाभर पडला असता तरी ते हिरवंच राहिलं असतं.

गंमत अशी की हिशेबाच्या दृष्टीने २८ मार्च हीच तारीख योग्य, माल मार्चमध्येच आला होता. प्रश्न मधल्या आठवड्याचा. ३१ मार्चला वर्षअखेरचा स्टॉक मोजला तेव्हा ही कॉइल शेडमध्ये होती आणि सिस्टममध्ये नव्हती. मोजणीच्या शीटवर नव्हती कशी? काकांनी शांतपणे सांगितलं, "तिच्यावर खडूने लिहिलं होतं ना, मोजू नये."

आणि आठवडाभर एंट्री का नाही? कारण पीओच मंजूर नव्हता, मंजूर नसलेल्या पीओवर सिस्टम जीआरएन करू देत नाही. पीओच्या कागदावर तारीख २५ मार्च. सिस्टममध्ये तो तयार झाला २ एप्रिलला, मंजूर ४ एप्रिलला. सप्लायरचं बिल २७ मार्चचं, त्यावर पीओ नंबरच्या जागी त्या सज्जन माणसाने छापलं होतं : "अ‍ॅज पर टेलिफोनिक डिस्कशन". वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथे घोड्याच्या खुराला जुन्या तारखेचा शिक्का मारला होता.

पण सर्वात सुंदर गोष्ट गेट रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात होती. शेरा. गार्डने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : "पीओ नाही. परचेस साहेबांना फोन केला. सोड म्हणाले. ११.४०."

मी त्या शेऱ्याचा फोटो घेऊन साहेबांकडे गेले. पुन्हा आरोप नाही, पुन्हा उघडा प्रश्न : "साहेब, ही एक गाडी कशी आली ते जरा समजावून सांगाल का?" साहेबांनी फोटो मोठा केला, छोटा केला, आणि म्हणाले, "हे अपवादात्मक आहे." एकच उदाहरण असेल तर मीही मान्य केलं असतं, म्हणून त्यांच्यासमोरच सिस्टममधून यादी काढली : बिलाची तारीख आधीची आणि पीओ तयार झाल्याची नंतरची अशा सगळ्या खरेद्या. यादी स्क्रीनवर खाली खाली सरकत राहिली. साहेब म्हणाले, "जनरली असं नसतं."

जाता जाता काकांच्या रजा आणि त्यांच्या आयडीवरच्या एंट्र्या शेजारी शेजारी ठेवल्या. हजेरीपत्रकाप्रमाणे काका गणपतीला गुहागरला होते. सिस्टमप्रमाणे त्याच दुपारी ते इथे जीआरएन करत होते. दाखवल्यावर काका म्हणाले, "पोराने काम बरोबर केलंय की नाही ते बघा." बघितलं. एकही चूक नव्हती. तरी लिहावं लागलं, कारण त्यातली एक जरी चुकली असती तर गुहागरला आरती म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर गेली असती. हे पटल्यावर काकांनी त्याच दिवशी पोराच्या आयडीचा अर्ज केला, पासवर्डही बदलला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवला.

रिपोर्टवर परचेस साहेबांचं लेखी उत्तर आलं : "पीओशिवाय माल आत घेतला जात नाही. घेतला गेल्यास ती तातडीची गरज समजावी."

काही महिन्यांनी फॉलोअपला गेलो. सुधारणा झाली होती. गेटवर नवीन रजिस्टर छापून आलं होतं, जाड पुठ्ठ्याचं, आणि त्यात शेरा हा रकानाच नव्हता. आर्टिकल हताश झाला. मी पान उलटलं. गार्ड आता गाडी नंबरच्या रकान्यातच, नंबराखाली बारीक अक्षरात लिहीत होता : "सोड म्हणाले. ४.१५."