'ये' तिथे लाय, 'जा' तिथे छ्यू: हे सूत्र कुठे फसतं

"चिनी क्रियापदांना लागणारे लाय आणि छ्यू मराठी माणसाला आयते मिळाले आहेत. मराठीत 'ये' असेल तिथे लाय, 'जा' असेल तिथे छ्यू लावा. जागेचं नाव कुठेही आलं तरी चालतं, अर्थ पोहोचतो. आणि हालचाल नसलेल्या क्रियापदांपुढे छीलाय, श्याछ्यू वगैरे येतात, ते पाठच करावे लागतात, त्यात तर्क नाही."

चिनी शिकताना कानावर पडणाऱ्या या सल्ल्याच्या पहिल्या भागात अर्धं सत्य आहे. 'ना' म्हणजे घेणं, म्हणून 'घेऊन ये' म्हणजे 'ना लाय', 'घेऊन जा' म्हणजे 'ना छ्यू', इथवर मराठी खरंच मदत करते. गडबड होते ती 'ये' कोणाच्या जागेवरून मोजायचं यात. मराठीत आपण सहज ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहतो. फोनवर मित्राला "तुझ्याकडे येतो" म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या घरात नसतो, तरी 'येतो'च म्हणतो. चिनीत लायचं टोक मुळात बोलणाऱ्याकडे असतं. म्हणून हेच वाक्य 'वो छ्यू नी नार' असं होतं, शब्दशः 'मी तुझ्या तिथे जातो'. 'नार' म्हणजे 'तिथे'. तो शब्द उच्चारला की आपण तिथे नाही हे ठरलं, मग त्याच्यासोबत लाय सहसा बसत नाही.

चिनी माणूस ऐकणाऱ्याची बाजू कधीच घेत नाही असं मात्र नाही. दारावर थाप पडली की आतून उत्तर येतं, "लाय ल!", म्हणजे 'आलो!'. फोनवर "ग्वो लाय", म्हणजे 'येतो', म्हणणारेही भेटतात. पण शिकणाऱ्याने आधी छ्यूची सवय लावून घ्यावी आणि लायची ही सूट ऐकून ऐकून उचलावी. उलट क्रमाने गेलं की मराठी सवय कायमची चिकटते.

सगळ्यात ठळक फरक निरोप घेताना दिसतो. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो हं' म्हणतो. तेच चिनीत 'वो लाय ल' असं उतरवलं, तर यजमानाला ते 'मी आलोय' असं ऐकू येईल आणि तो गोंधळून पाहील. तिथे 'वो जोउ ल' म्हणायचं, 'मी निघालो'.

जिन्याचं उदाहरण घ्या. एकजण दुसऱ्या मजल्यावर, दुसरा तळमजल्यावर. वरचा हाक मारतो, "शांग लाय", वर ये. खालचा उत्तर देतो, "वो शांग छ्यू". मराठीत तो 'वर येतो' म्हणाला असता. तो जिना चढून गेल्यावर खाली राहिलेला तिसरा म्हणेल "ता शांग छ्यू ल", तो वर गेला, तर वरचा म्हणेल "ता शांग लाय ल", तो वर आला. चढणं एकच, पण शेवटचा शब्द पाहणारा कुठे उभा आहे तेवढंच सांगतो. म्हणून सरावात माणूस हलवू नका, पाहणारा हलवा: एकच हालचाल दोन जागांवरून बोलून पाहा.

आता जागेचं नाव. 'कुठेही चालतं' हे साफ चूक आहे, आणि ही चूक का होते तेही कळण्यासारखं आहे. छ्यू एकटा मुख्य क्रियापद असतो तेव्हा त्याच्या पुढे जागा येतेच: छ्यू बीजिंग, बीजिंगला जा. तेच पाहून शिकणारा 'घरी परत जा' यासाठी 'ह्वेइ छ्यू ज्या' म्हणतो. बरोबर रूप आहे 'ह्वेइ ज्या छ्यू'. इथे जागेला धरून ठेवणारा शब्द ह्वेइ, म्हणजे परतणं, हा आहे. छ्यू फक्त दिशा दाखवायला शेवटी येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या पुढे जागेला थारा नाही.

'तो पळत खोलीत आला' हे वाक्य उभं करून पाहू. आधी हालचालीची रीत: पाओ, पळणं. मग मार्ग: जिन, आत. मग जागा: फांगज्येन, खोली. शेवटी पाहणारा खोलीत असेल तर लाय, बाहेरच्या व्हरांड्यात असेल तर छ्यू. झालं 'ता पाओ जिन फांगज्येन लाय'. मराठीत 'खोलीत' मधला 'त' आत शिरण्याचं काम गुपचूप करून टाकतो, म्हणून जिन गळून पडतो आणि 'पाओ लाय' एवढंच उरतं. त्याचा अर्थ 'पळत इकडे आला' इतकाच, आत की दारापर्यंत, ते कळतच नाही. मार्ग दाखवणारे असे शब्द पाठ्यपुस्तकांत सहसा 7 दिलेले असतात: शांग वर, श्या खाली, जिन आत, छू बाहेर, ह्वेइ परत, ग्वो ओलांडून, छी उठून वर. (छू म्हणजे बाहेर आणि छ्यू म्हणजे जाणं, हे दोन वेगळे.) पहिल्या 6 शब्दांना लाय आणि छ्यू दोन्ही लागतात. छीला प्रमाण चिनीत फक्त लाय लागतो.

हलणाऱ्या वस्तूला मात्र जागेचा नियम लागू नाही. 'एक पुस्तक बाहेर काढलं' यात 'ना छू यी बन शू लाय' चालतं आणि 'ना छू लाय यी बन शू' पण चालतं. ठरावीक, माहितीचं पुस्तक असेल तर ते 'बा' हा शब्द लावून क्रियापदाच्या आधी आणतात: 'बा शू ना छू लाय'. तेव्हा अडलं की एकच प्रश्न विचारायचा: हे नाम हलतंय, की हालचाल त्याच्या आत-बाहेर होतेय? खोली हलत नाही, म्हणून ती लायच्या आधीच हवी.

राहिला तर्क नसल्याचा मुद्दा. तर्क आहे, आणि तो बराचसा हालचालीच्याच चित्रातून आलेला आहे. नेहमीची, शुद्धीवरची अवस्था म्हणजे 'इथे' असं धरा. बेशुद्ध पडणं म्हणजे 'युन ग्वो छ्यू', पलीकडे जाणं. शुद्धीवर येणं म्हणजे 'शिंग ग्वो लाय', ओलांडून इकडे येणं. मराठीतही 'शुद्धीवर आला' आहेच. फक्त जाताना आपण 'शुद्ध गेली' म्हणतो, तर चिनीत माणूसच जातो. श्या छ्यूचं चित्र आपल्यापासून पुढे उतरत जाण्याचं आहे, म्हणून 'श्वो श्या छ्यू' म्हणजे 'पुढे बोलत राहा'. श्या लायचं चित्र खाली येऊन टेकण्याचं, म्हणून 'थिंग श्या लाय' म्हणजे थांबणं, स्थिरावणं.

श्यांग, म्हणजे विचार करणं, या क्रियापदाला लागणाऱ्या छी लाय आणि छू लाय यांची गल्लत सहज होते. मराठीत मात्र यांना अगदी बेतल्यासारखे दोन शब्द आहेत. 'श्यांग छी लाय' म्हणजे आठवणं: जे तळाशी होतंच, ते वर आलं. 'श्यांग छू लाय' म्हणजे सुचणं: जे नव्हतं, ते बाहेर आलं. नकारात 'बू' मध्ये घुसतो. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर आहे पण येत नाही, तर 'श्यांग बू छी लाय'. गणित सोडवायला वाट सापडत नाही, तर 'श्यांग बू छू लाय'. नावाच्या बाबतीत दुसरं रूप वापरलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही बाळाला ठेवायला नाव शोधताय.