रामायण सिरियलला 'स्लो' म्हणून हसणाऱ्यांसाठी

सकाळी सकाळी ग्रुपवर एक रील आलं. रामानंद सागरांच्या रामायणातला दरबाराचा सीन, डबल स्पीडमध्ये, प्रत्येक चेहऱ्यावर झूम गेला की मागे टुंग टुंग आवाज, आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. रील टाकणारा आमच्या फिल्म सोसायटीतला, म्हणजे ज्याला तारकोव्हस्कीच्या सिनेमात गवत हलताना पाच मिनिटं बघायला आवडतं तो. तिथे तो श्वास रोखून बसतो आणि इथे 'एका नजरेला दोन मिनिटं लावतात यार' म्हणतो. मला इतका राग आला की चहा तसाच गार झाला. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय.

अरे, तो सीन स्लो आहे कारण तो बघण्यासाठी केलाय! पुढे काय होणार हे कळावं म्हणून ती सिरियल कोण बघत होतं? २५ जानेवारी १९८७ ला पहिला भाग लागला तेव्हा रावण मरणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ज्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना पाठ आहे ती गोष्ट अठ्ठ्याहत्तर आठवडे दर रविवारी अंघोळ करून, टीव्हीला हार घालून लोक का बघतात, हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारा की. आपल्याकडे कीर्तनाला जाणारे लोक तरी कुठे कथेसाठी जातात? बुवा उत्तररंगात आख्यान लावतात, त्यातला शब्द न् शब्द समोरच्या म्हाताऱ्यांना माहीत असतो, आणि तरी रामाच्या रूपाचं वर्णन आलं की बुवा थांबतात, पेटी थांबते, अभंग येतो, पुन्हा तेच रूप, पुन्हा अभंग. तिथे घाई करणाऱ्या बुवाला पुढच्या वर्षी कोण बोलावतं?

सागरांनी कॅमेऱ्याने नेमकं हेच केलंय. आता लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ते पुन्हा लावलं, तेव्हा मी गावी अडकले होते आणि आज्जीशेजारी बसून रोज बघत होते. सुरुवातीला मीही आपली फिल्म स्टडीजवाली नजर लावून बसले होते, लायटिंग बघ, मागचा पडदा बघ, मुकुटाची चमकी बघ. मग हळूहळू लक्ष पडद्यावरून आज्जीकडे गेलं. ती टायटलला हात जोडत नव्हती. रामाची एंट्री झाली म्हणूनही नाही. कुणीतरी रामाकडे बघतंय, शबरी असेल, भरत असेल, आणि कॅमेरा त्या बघणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो, तिथून रामाच्या चेहऱ्यावर हळूच झूम, अरुण गोविलचं ते अर्धं हसू, आणि तो चेहरा आता सरळ आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे बघतोय, त्या क्षणी तिचे हात वर यायचे. दर वेळी तिथेच. आधी नाही, नंतर नाही.

म्हणजे काय होत होतं बघा. शबरीच्या जागी कॅमेरा, कॅमेऱ्याच्या जागी आज्जी. राम शबरीकडे बघतो तेव्हा तो आज्जीकडेच बघत असतो. देवळात आपण मूर्तीचे डोळे शोधतो ना, गर्दीत टाचा उंचावून, तेच. फिलिप लुटगेनडॉर्फ नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत, तुलसीदासांवर आयुष्य घातलेला माणूस, त्यांनी सिरियल नवी असतानाच हे ओळखलं होतं की हे क्लोजअप देवदर्शनासारखे चालतात. आणि आपले लोक अजून रील बनवतायत. ते हसूसुद्धा उगीच आलेलं नाही. गोविल मुलाखतींमधून सांगतात की लुक टेस्टमध्ये मुकुट-दागिने सगळं घालूनही तो राम वाटेना, मग त्यांनी ते हलकं हसू आणलं आणि काम झालं. म्हणजे करणाऱ्यांना माहीत होतं की सगळा भार त्या चेहऱ्यावर आहे, तो चेहरा पुरेसा वेळ दिसला पाहिजे. मग रवींद्र जैन मागे चौपाई गातात, ती चौपाई तुम्हाला तिथे धरून ठेवते. डबल स्पीड केलं की ते सगळं मरतं, उरतात फक्त मुकुट आणि झूम. मग हसूच येणार.

बरं, मान्य आहे, युद्धाचे सीन कंटाळवाणे आहेत. बाणाला बाण भिडतो आणि ठिणग्या उडतात ते किती वेळ. मान्य. पुढे.

आता दुसरं. हे लोक म्हणतात की सिरियल म्हणजे नुसती भाबडी भक्ती, त्यात विचार नाही, जे पोथीत आहे ते उचलून दाखवलं. इथे तर माझं डोकंच फिरतं, कारण यांनी ना पोथी वाचली आहे ना सिरियल नीट बघितली आहे. टायटल्समध्ये सागर आधारग्रंथांची यादी देतात. वाल्मीकी, तुलसीदास, कंब, कृत्तिवास, आणि त्यात आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायणसुद्धा आहे. एवढ्या सगळ्यांतून निवड करायची म्हणजे प्रत्येक प्रसंगाला ठरवावं लागतं की कुणाचं ऐकायचं. आणि ते ठरवणं कुठे कळतं तर अग्निपरीक्षेत.

वाल्मीकींकडे तो प्रसंग फार कठोर आहे. रावण मेलाय, सीता समोर आलीय, आणि राम सगळ्यांदेखत तिला असं काही बोलतो की वाचवत नाही. सीता स्वतः लक्ष्मणाला चिता रचायला सांगते. तुलसीदासांना हे सहन झालेलं नाही. त्यांच्याकडे राम काहीतरी कडू बोलला एवढंच येतं, काय बोलला ते नाही, आणि मुख्य म्हणजे हरणाआधीच अरण्यकांडात राम सीतेला सांगतो की मी राक्षसांचा नाश करेपर्यंत तू अग्नीत राहा. रावणाने नेली ती छाया. मग शेवटची आग ही परीक्षा कमी आणि खऱ्या सीतेला परत आणायची वाट जास्त. आणि अरण्यकांडातच तुलसीदास एक ओळ घालतात, 'लछिमनहूँ यह मरमु न जाना', लक्ष्मणालाही हे गुपित माहीत नव्हतं.

सागरांनी छायासीता घेतली, तुलसीदासांचीच. पण त्या ओळीत त्यांना नाटक दिसलं. लक्ष्मणाला माहीत नाही ना? मग तो चिडणारच! सिरियलमध्ये राम अग्नी पेटवायला सांगतो आणि लक्ष्मण उसळतो, थेट जाब विचारतो, आणि मग राम त्याला छायासीतेचं सांगतो. म्हणजे १९८८ मध्ये घराघरात बसलेल्या बायकांच्या मनात जो प्रश्न येणार होता तो त्यांनी सर्वात विश्वासू माणसाच्या तोंडी घातला. देवाला प्रश्न विचारायचा तर तो परक्याने विचारून चालत नाही, चौदा वर्षं मागे चाललेल्या भावाने विचारला की तो भक्तीच्या आतच राहतो. कीर्तनकारही हेच करतात, आधी शंका मांडतात, चांगली जोरात मांडतात, मग उत्तराकडे नेतात. याला विचार नाही म्हणायचं?

आणि आज्जी त्या दिवशी काय म्हणाली सांगू? राम समजावून सांगत होता, फार सुंदर, शांतपणे सांगत होता, आणि आज्जी टीव्हीकडे बघतच म्हणाली, 'मला नाही पटलं. लक्ष्मणाचं बरोबर होतं.' बास. एवढंच. आणि दोन मिनिटांनी ज्वाळांतून सीता बाहेर आली तेव्हा तिचे हात पुन्हा जोडलेले. मी तेव्हा काही बोलले नाही, पण मला आजवर सिनेमाच्या वर्गात कुणी याच्या जवळपास जाणारं काही शिकवलेलं नाही. न पटणं आणि हात जोडणं, दोन्ही एका माणसात, एकाच सीनमध्ये, आणि तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आपण भक्त प्रेक्षक म्हटलं की डोकं गहाण ठेवलेला माणूस समजतो. ती बाई आयुष्यभर चातुर्मासात पोथी ऐकत आली, तिला रामायण माहीत आहे म्हणून तर तिला न पटण्याचा हक्क आहे.

हो, टीव्हीमुळे एकच रामायण सगळ्या देशाचं झालं आणि बाकीची मागे पडली, ही तक्रार मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. राजकारणाने पुढे त्याचं काय केलं तेही दिसतंय. पण त्यासाठी झूमला हसायची गरज नाही.

हसायचं, नाही, चिडायचं असेल तर आदिपुरुषवर चिडा. २०२३ चा जून आठवा. प्रत्येक थिएटरात एक खुर्ची हनुमानासाठी राखीव, केवढी जाहिरात झाली त्याची. आणि पडद्यावरचा हनुमान लंका जाळताना काय बोलतो तर तेल तुझ्या बापाचं, आग तुझ्या बापाची. ज्याच्यासाठी खुर्ची ठेवली त्याच्याच तोंडी हे! लोक भडकल्यावर संवाद बदलले ते बदलले, पण त्याआधी संवादलेखक म्हणाले की आपल्या आज्या अशाच भाषेत गोष्टी सांगायच्या. कुणाच्या आज्या? माझ्या आज्जीच्या गोष्टीत हनुमान खोडकर होता, शेपटी वाढवत वाढवत रावणाच्या आसनापेक्षा उंच बसायचा, आम्ही हसून लोळायचो, पण तो बाप काढणारा नव्हता. खोडी काढायची आणि पत ठेवायची हे तिला जमायचं. शेकडो कोटींच्या सिनेमाला नाही जमलं.

आणि फक्त भाषेचा प्रश्न नाहीये. त्या सिनेमात राम दिसतोच कुठे? सतत कॅमेरा फिरतोय, धूर आहे, अंधार आहे, कट कट कट. कुणी रामाकडे बघतंय असा एक शॉट धड टिकत नाही. हात कधी जोडायचे माणसाने? भक्ती थिएटरातल्या खुर्चीवर ठेवली आणि पडद्यावरून काढून टाकली, असं झालं ते. आपल्याकडे १९१७ मध्ये फाळक्यांनी लंकादहन केला, अण्णा साळुंके राम पण तेच आणि सीता पण तेच, ना आवाज ना रंग, आणि त्या पडद्यालाही लोक नमस्कार करायचे. प्रभातच्या तुकारामात विष्णुपंत पागनीस नुसते बसून गातात आणि माणूस विरघळतो. पैशाचा काही संबंध नाही याच्याशी.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. रील टाकणारा मुलगा वाईट नाही, त्याने लहानपणी ते कुणाच्या शेजारी बसून बघितलं नाही एवढंच असेल.

आता नितेश तिवारी रणबीर कपूरला घेऊन रामायण करतायत. ग्राफिक्स भारी असणार, त्याबद्दल मला शंका नाही. मी जाणार आहे, आणि मी वाट बघणार आहे ती अग्नीच्या प्रसंगाची. वाल्मीकी घेतायत की तुलसीदास, की तो प्रसंगच गाळतायत. जे घ्यायचं ते घ्या, पण लक्ष्मणाला विचारू द्या, पूर्ण विचारू द्या, मध्ये ढोल-नगारे नकोत. आणि सीता आगीतून बाहेर येईल तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा जरा थांबू द्या. पुढच्या स्फोटाची घाई करू नका.