रांग थांबवण्याचा अधिकार कुणाचा?

आज सकाळी आमच्या मंडळाची कार्यकर्त्यांची सूचना बैठक झाली आणि घरी आल्यापासून माझे डोके शांत झालेले नाही. दीड तासातला पाऊण तास टी-शर्टचा रंग, ओळखपत्राची दोरी आणि आरतीला पुढे कोण उभे राहणार यात गेला. पाळ्यांचा तक्ता वाचून दाखवण्यात आला, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम घाईघाईने सांगण्यात आला आणि शेवटी, लोक चहासाठी उठत असताना, ‘आपत्कालीन क्रमांक कागदावर दिलेले आहेत, बघून घ्या’ एवढ्या एका वाक्यात सर्वांत महत्त्वाचा विषय संपला.

गेल्या वर्षी गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी आमच्या रांगेत एक काकू कोसळल्या, हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना कुणी ढकलले नव्हते. पुढची माणसे मूर्तीसमोर रेंगाळत होती, मागून दर मिनिटाला माणसे आत सोडली जात होती आणि मध्ये उभ्या असलेल्या काकूंना छाती फुगवून श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. गर्दीत माणूस पायदळी येण्याआधीच, उभ्याउभ्या, चारही बाजूंच्या दाबाने गुदमरू शकतो. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले, त्याला अजून इतकी वर्षे झालेली नाहीत की मुंबईत मंडळ चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागावे.

मागे दोरीवर उभा असलेला आमचा मुलगा प्रामाणिकपणे आपले काम करत होता, कारण त्याला बैठकीत एकच आज्ञा मिळाली होती: ‘रांग थांबता कामा नये.’ पुढे काकू खाली बसल्या तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी शिट्ट्या वाजवल्या, हात हलवले, पण ताशांच्या आवाजात मागे काहीच पोहोचले नाही आणि मोबाईलला धड नेटवर्क नव्हते. तो माणसे सोडतच राहिला. त्या मुलावर नंतर ओरडणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

आमच्या गल्लीतला रांगेचा पट्टा ९ फूट रुंद आणि ६० फूट लांब आहे, म्हणजे साधारण ५० चौरस मीटर. एका चौरस मीटरला चार माणसे धरली तरी तिथे २०० माणसे होतात आणि त्यापुढे प्रत्येक माणूस धोका वाढवतो. डोकी मोजत बसण्याची गरज नाही. माणसांना हात वर काढता येत नसतील, बायका मुलांना डोक्यावर धरू लागल्या असतील किंवा कुणी पाऊल न टाकताही गर्दी लाटेसारखी डोलत असेल, तर उशीर झालेला आहे. तेव्हा आधी मागचा प्रवेश बंद करायचा, मग पुढची बाजूची कडी उघडून माणसे बाहेर काढायची; पुढच्यांना मागे रेटायचे नाही, कारण त्यांच्या मागे जागाच नसते. हा निर्णय दोरीवरच्या कार्यकर्त्याने कार्याध्यक्षांना न विचारता घ्यावा, हे बैठकीत मोठ्याने आणि सर्वांसमोर सांगितले गेले पाहिजे. वाद्ये आणि ध्वनिक्षेपक बंद करण्याचा अधिकारही ज्याला दिला आहे त्याचे नाव सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

थांबलेल्या रांगेत लोक चिडतात आणि एखादा ओळखीचा पुढारी खोळंबतो, हे मी मान्य करतो, चिडू दे.

राहिला तो क्रमांकांचा कागद. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६, हे सर्व त्यावर बरोबर छापलेले आहेत. पण काकूंच्या वेळी १०८ लावणाऱ्याने मंडळाचे नाव सांगितले आणि फोन ठेवला. रुग्णवाहिका मुख्य रस्त्याच्या टोकाला आली, तिथे आपलेच बॅरिकेड होते आणि मागच्या गल्लीतून वाट मोकळी आहे हे चालकाला सांगायला कुणी उभे नव्हते. काकू सुखरूप घरी गेल्या, म्हणून आपण तो विषय पुन्हा काढला नाही, हे मला सर्वांत जास्त सलते.

म्हणून मी ओळखपत्राच्या मागच्या बाजूला लावण्याचा मजकूर तयार केला आहे: मंडपाचा पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण, वाहनाने कोणत्या टोकाने यायचे आणि त्या टोकावर टॉर्च घेऊन उभ्या राहणाऱ्या, पाळीप्रमाणे नेमलेल्या कार्यकर्त्याचा क्रमांक. नेटवर्क जाते म्हणून दोरी, मूर्ती आणि बाहेर पडण्याचा दरवाजा या तीन जागी वॉकीटॉकी हवेत. त्यांचे भाडे रोषणाईच्या खर्चातून वळवावे, असा माझा लेखी प्रस्ताव आज रात्री सरचिटणीसांकडे जात आहे. मंडळातल्या ज्यांना तो पटतो त्यांनी खाली नाव लिहावे. ज्यांना पटत नाही त्यांनी पुढच्या बैठकीत, चहाच्या आधी, उभे राहून बोलावे.