आकडा मोठा बघा, बाकीचं कंपनी बघून घेईल

नवीन फोन घेताय ना, मग उगाच दहा रिव्ह्यू बघत बसू नका, कॅमेऱ्याच्या रकान्यात मेगापिक्सेल किती लिहिलेत तेवढं बघा आणि तिथेच थांबा. ५० पेक्षा १०८ भारी, १०८ पेक्षा २०० भारी, एवढं गणित तिसरीतल्या पोरालाही येतं. खाली बारीक अक्षरात १/१.३ इंच किंवा १/२.७६ इंच असं सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, माप लिहिलेलं असेल तर तिकडे अजिबात बघू नका, अपूर्णांक शाळेत त्रास द्यायचे ते पुरे झालं. आणि तसंही तो इंच खरा नाहीच. १/१.३ इंच म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर व्हायला हवेत, पण त्या सेन्सरचा कर्ण भरतो जेमतेम सव्वाबारा. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असायच्या, त्या नळीच्या बाहेरच्या जाडीवरून नाव द्यायची पद्धत होती, नळ्या गेल्या आणि पद्धत राहिली. फसवायचंच असेल तर असं परंपरेनं फसवावं.

तरी चुकून बघितलंतच तर काय होईल ते सांगतो. सॅमसंगचा आयसोसेल जेएन१ नावाचा सेन्सर आहे, ५० मेगापिक्सेल. त्यांचाच जीएन२, तोही ५० मेगापिक्सेल. बॉक्सवर दोघांचाही आकडा तोच. पण जेएन१ चा एक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि जीएन२ चा १.४ मायक्रॉनचा, म्हणजे क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ पावणेपाच पट फरक. पिक्सेल तेवढेच पण एकाला पावणेपाच पट जास्त प्रकाश मिळणार (लेन्सचं अ‍ॅपर्चर आणि शटर स्पीड सारखाच धरला तर). पण ही माहिती मनात ठेवून दुकानात गेलात की सेल्समनला उगाच अवघड प्रश्न विचाराल आणि त्याचा दिवस खराब कराल, सोडून द्या.

आता २०० मेगापिक्सेलवाल्यांचं कौतुक करू. सॅमसंगचाच एचपी२ सेन्सर घ्या, गॅलेक्सी एस२३ अल्ट्रात २०२३ मध्ये आलेला. आडवे १६,३२० पिक्सेल, उभे १२,२४०, प्रत्येक ०.६ मायक्रॉनचा. गुणाकार केला तर अख्खा सेन्सर साधारण ९.८ बाय ७.३ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यात २० कोटी खातेदार. वडिलोपार्जित शेताची वाटणी होते ना तसंच आहे हे, जमीन तेवढीच, पाऊस तेवढाच, वाटेकरी मात्र वाढत चाललेत, आणि प्रत्येक वाट्याभोवती बांध घालायचा तर त्यात थोडी जमीन जाणारच. इथेही शेजारच्या पिक्सेलमध्ये प्रकाश सांडू नये म्हणून मध्ये भिंती घालाव्या लागतात.

वाट्याला कमी प्रकाश आला तर बिघडतं काय? बिघडतं ते असं की प्रकाश सलग येत नाही, कण कण येतो, आणि पावसाच्या थेंबांसारखाच कधी कमी कधी जास्त पडतो. समजा संध्याकाळी एका छोट्या पिक्सेलवर सरासरी १०० कण पडले, तर त्यात दहाएक इकडेतिकडे होणारच, म्हणजे १० टक्के गडबड. हीच गडबड तुम्हाला फोटोत भिंतीवर, गालावर, आकाशात रवाळ दिसते. तेच १६ पिक्सेल एकत्र धरले तर कण झाले १६०० आणि गडबड फक्त ४० ची, म्हणजे अडीच टक्के.

कंपनीला हे तुमच्याआधी माहिती आहे, म्हणून तर फोन गुपचूप पिक्सेल बिनिंग करतो. चार बाय चारचे १६ पिक्सेल मिळून एक, की झाला २.४ मायक्रॉनचा जाडजूड पिक्सेल आणि फोटो निघाला ४०८०×३०६० चा. म्हणजे साडेबारा मेगापिक्सेल! विश्वास नसेल तर गॅलरीत फोटोचे डिटेल्स उघडा. पण मी म्हणतो उघडूच नका, दोनशेच्या आनंदात राहा.

काही जण मात्र चिवट असतात, ते सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण २०० चा मोड चालू करतात. शाब्बास. फक्त रंगाचं काय होतं ते त्यांना सांगू नका. साध्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर वेगळा रंगीत फिल्टर असतो, शेजाऱ्याचा रंग वेगळा. इथे बिनिंग सोपं जावं म्हणून १६ च्या १६ पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर टाकलेला असतो, १६ हिरवे, बाजूला १६ लाल, असं. मग पूर्ण २०० काढायचं म्हटलं की सॉफ्टवेअरला रंगांची मांडणी पुन्हा जुळवावी लागते, आणि मधल्या जागी रंग काय असेल त्याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज हुशार असतो, नाही असं नाही, पण बारीक जाळीचं कापड किंवा दूरची पानं असली की कळतं, कडा चिकट दिसतात, पानांचा रंगकामासारखा लगदा होतो.

आणि लेन्स? तिला कोण विचारतंय. एफ/१.७ ची लेन्स अगदी निर्दोष घडवली तरी हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण २.३ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, ही कारखान्याची चूक नाही, प्रकाश लाट असल्याचा परिणाम आहे. ०.६ चे पिक्सेल लावले तर तो एक ठिपका जवळजवळ चार पिक्सेल रुंद. म्हणजे एकच धूसर बिंदू आता जास्त पिक्सेलमध्ये, भरपूर तपशिलात धूसर दिसणार. पैसे वसूल.

खोटं कशाला बोलू, भर उन्हात २०० वाला मोड थोडा जास्त तपशील देतो, लांबची पाटी क्रॉप करून वाचायची असेल तर उपयोगी पडतो. पण तुलना करायचीच तर ती चुकीची करा, म्हणजे दोन्ही फोटो आपापल्या १०० टक्के झूमवर बघा, म्हणजे एकात चेहरा मोठा दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. मोठ्या फोटोला लहान करून दोन्हीत चेहरा सारख्याच मापाचा करून बघितलात, त्यातही खोलीतल्या दिव्यात काढलेले फोटो घेतलेत, तर बऱ्याचदा साडेबाराचाच स्वच्छ निघतो, कारण मोठ्या मोडमध्ये नाइट मोडसारखं बरेच फोटो एकावर एक रचून तो रवाळपणा मारायचं काम अनेक फोन नीट करत नाहीत किंवा करतच नाहीत.

त्यामुळे २०० चा पूर्ण लाभ हवा असेल तर दुपारी बारा वाजता, फोन कशाला तरी घट्ट टेकवून, न हलणाऱ्या वस्तूंचेच फोटो काढत जा. मुलं, मांजरी आणि संध्याकाळ टाळा.