स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट आणि कपाटातला जुना फोन

"व्हॉट्सॲप चॅटचे स्क्रीनशॉट काढा, रंगीत प्रिंट घ्या, खाली सही करा, झालं. कोर्टात तोच पुरावा. निळी टिक दिसली की समोरच्याला नाही म्हणताच येत नाही, हायकोर्टानेच तसं सांगितलंय. ते ६५-बी सर्टिफिकेट म्हणजे वकिलांचं पैसे काढायचं साधन. फोनही जपून ठेवायची गरज नाही, नवा घेतला तरी चालतो. ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या ग्रुपवर टाका."

मी ठाण्यात आणि बेलापूरला दिवाणी दावे चालवतो. हा निरोप वाचून आलेल्या एका पक्षकाराचा दावा आम्ही जवळजवळ हरलोच होतो. म्हणून यातल्या एकेका वाक्याला त्याच दाव्यातून उत्तर देतो. पक्षकाराची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांचा गाळा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलला ते उधारीवर माल द्यायचे. बिलं कच्ची आणि हिशोब सगळा चॅटवर. शेवटी हॉटेलवाल्याने लिहिलं, "२,७२,००० बाकी मान्य, पाडव्यापर्यंत देतो." पाडवा गेला, पैसे आले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही दावा लावला. त्यांनी आधीच अकरा रंगीत प्रिंट काढून प्रत्येकीवर सही केली होती. फोन आणा म्हटल्यावर म्हणाले, "त्याची डिस्प्ले गेली साहेब, पण प्रिंट आहेत ना!" तिथेच मी हट्ट धरायला हवा होता. मी धरला नाही, ती चूक माझी.

साक्षीपुरावा सुरू झाला. प्रिंट पुरावा म्हणून नोंदवून तिला निशाणी क्रमांक देण्याची वेळ आली तेव्हा प्रतिवादीच्या वकिलांनी हरकत घेतली आणि उलटतपासात पहिलाच प्रश्न विचारला.

"प्रिंटच्या वर 'हॉटेलवाले शेठ' असं दिसतंय. हे नाव फोनमध्ये कोणी टाइप केलं?"

"मीच."

"या अकरा पानांवर माझ्या अशिलाचा मोबाइल नंबर कुठे आहे?"

नंबर कुठेच नव्हता. आपण नाव सेव्ह केलेलं असलं की चॅटच्या वर ते नाव दिसतं, नंबर दिसत नाही. पुतण्याचा नंबर 'हॉटेलवाले शेठ' म्हणून सेव्ह केला आणि त्याच्याकडून "बाकी मान्य" असं लिहून घेतलं, तरी हुबेहूब अशीच प्रिंट निघेल. माझ्या पक्षकाराने असं काही केलं नव्हतं. पण न्यायाधीशांसमोर फक्त कागद होता, आणि खरी चॅट कोणती, रचलेली कोणती हे त्या कागदावरून ओळखता येत नव्हतं. खाली सही केल्याने यात काहीही बदलत नाही. ती सही प्रिंट दाखल करणाऱ्याची आहे, निरोप लिहिणाऱ्याची नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे पडद्याचा फोटो. त्या क्षणी पडद्यावर जे होतं तेवढंच त्यात येतं. आपल्या फोनमधून एखादा निरोप फक्त आपल्यापुरता डिलीट केला तर त्या जागी कसलीही खूण उरत नाही, वरचा आणि खालचा निरोप एकमेकांना चिकटतात. संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडलं तर ब्राउझरमध्येच अक्षरं बदलून स्क्रीनशॉट काढता येतो. कॉलेजमधली मुलंही हे दोन मिनिटांत करून दाखवतात. न्यायाधीश रोज असे कागद बघतात, त्यामुळे शंका घेणं त्यांना भागच आहे.

आता निळ्या टिकेबद्दल. हायकोर्टाचा दाखला पूर्ण खोटा नाही, म्हणून तो जास्त फसवतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका क्रेडिट कार्ड कंपनीचं वसुलीचं प्रकरण होतं. नोटीस पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती. ती पोचली आणि उघडली गेली हे खुणांवरून दिसतं म्हणून नोटीस बजावली गेली असं न्यायालयाने मानलं. तिथे प्रश्न नोटीस मिळाली की नाही एवढाच होता. त्या नंबरवरून कोणी काय कबूल केलं, हा प्रश्नच नव्हता. शिवाय निळी टिक आपण पाठवलेल्या निरोपावर येते. आमचा सगळा भरवसा होता तो समोरून आलेल्या "बाकी मान्य" या निरोपावर, आणि त्याच्यावर टिक नसतेच.

सर्टिफिकेटची अट वकिलांनी काढलेली नाही, ती कायद्यात आहे. जुन्या पुरावा कायद्यात ती कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ती कलम ६३ मध्ये आली. त्या तारखेआधीपासून प्रलंबित असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा लागतो. आमचा दावा ऑगस्टमधला, म्हणून नवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर प्रकरणात आणि १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात, हे स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच आणून त्याचा मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि हे माझं, यातच ही माहिती मुळात साठली असं त्याने सिद्ध केलं, तर मात्र प्रमाणपत्र लागत नाही. प्रिंट ही प्रत आहे. तिच्यासोबत प्रमाणपत्र द्या किंवा मूळ फोन आणा, आणि जमलं तर दोन्ही करा.

मग अनेकांच्या प्रिंट सर्टिफिकेटशिवाय कशा चालल्या? कधी समोरचाच चॅट मान्य करतो, आणि मान्य केलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. कधी निशाणी पडताना कोणी हरकतच घेत नाही, आणि तेव्हा न घेतलेली ही हरकत नंतर अपिलात घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. कुटुंब न्यायालयांना पुराव्याच्या नियमांतून बरीच सूट आहे. पोलिसांत तक्रार द्यायलाही स्क्रीनशॉट पुरतो. पण ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो गप्प बसेल, या आशेवर २,७२,००० रुपये ठेवायचे का?

नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ पक्षकाराने भरायचा: कोणतं उपकरण, कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय नंबर, ते कोणाच्या ताब्यात होतं, नेहमीच्या वापरात होतं का, नीट चालत होतं का. भाग ब तज्ज्ञाने भरून सही करायचा. दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवर गणित चालवून निघणारी अक्षर-अंकांची ओळ, एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ खुणांची असते. विंडोजवर ती अशी काढतात:

```
certutil -hashfile chat.zip SHA256
```

फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. आमच्या पक्षकाराने स्क्रीनशॉट मला व्हॉट्सॲपवरच फोटो म्हणून पाठवले होते. तसं पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो, म्हणजे माझ्याकडची फाइल आणि त्यांच्या फोनमधली फाइल यांची हॅश कधीच जुळली नसती.

मात्र हॅशची मर्यादाही लक्षात घ्या. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही एवढंच ती सांगते. त्याआधी कोणी चॅट कापली का, नाव बदललं का, हे तिला ठाऊक नसतं. ते फोनलाच विचारावं लागतं. फोनमधल्या डेटाबेसमध्ये निरोप कोणत्या खात्यावरून आला आणि केव्हा आला याची नोंद असते. न्यायालय मूळ फोन मागतं ते यासाठी. व्हॉट्सॲप कंपनीकडून चॅट मागवू म्हणाल, तर निरोप पोचल्यावर कंपनी तो आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. चॅट उरते ती दोघांच्या फोनमध्ये, आणि घेतला असेल तर बॅकअपमध्ये. नव्या फोनवर बॅकअपमधून चॅट आणता येते, पण मग ती एका फोनमधून दुसऱ्यात कशी आली, मध्ये काय गळलं, याची उत्तरं उलटतपासात द्यावी लागतात. जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेला असेल तर ती उत्तरं पडताळून बघायला काहीच उरत नाही.

आमचं नशीब एवढंच की फोन विकला नव्हता, गाळ्यावरच्या कपाटात पडून होता. वाशीत डिस्प्ले बदलून घेतली आणि फक्त डिस्प्लेच बदलली हे दाखवायला बिल जपलं. फोन सुरू झाल्यावर आधी विमान मोड लावला. `*#06#` दाबून आयएमईआय नंबर लिहून घेतले. मग तज्ज्ञासमोर ती एकच चॅट, फोटोंसकट, `Export chat` करून बाहेर काढली, हॅश काढली आणि प्रमाणपत्राचे दोन्ही भाग भरले. नव्या प्रिंटमध्ये पहिलं पान संपर्काच्या माहितीचं ठेवलं, नावाखाली पूर्ण नंबर दिसेल असं. तोच नंबर हॉटेलच्या छापील मेनूकार्डावर होता, ते कार्डही दाखल केलं. प्रमाणपत्र उशिरा आलं म्हणून हरकत झालीच, पण खटला संपण्याआधी ते दाखल करू देता येतं असं खोतकर प्रकरणातच म्हटलेलं आहे. न्यायालयाने आम्हाला खर्च भरायला लावून परवानगी दिली. फोन पिंजऱ्यात दाखवला, प्रतिवादीच्या वकिलांनी तो हातात घेऊन चॅट वर-खाली केली, आणि निशाणी पडली.

प्रमाणपत्राने चॅटमधला मजकूर खरा ठरत नाही, ती फक्त वाचली जाऊ शकते. आणि पूर्ण चॅट वाचल्यावर आमचंच एक पान उलटलं. "बाकी मान्य" या निरोपाच्या आठ दिवस आधी हॉटेलवाल्याने सडलेल्या बटाट्यांचे फोटो पाठवून ४६,००० कापायला सांगितले होते, आणि माझ्या पक्षकाराने अंगठा दाखवून होकार दिला होता. अकरा स्क्रीनशॉटमध्ये हा भाग आला नव्हता. त्यांनी तो लपवला नव्हता, ते विसरले होते. मी त्यांना बाहेर नेऊन विचारलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खरं आहे, कापायचे राहिले." पुढच्या तारखेला आम्ही पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन ४६,००० ची मागणी सोडली आणि दावा २,२६,००० वर आणला. त्यानंतर प्रतिवादीने नंबर आपला नाही असं पुन्हा म्हटलं नाही.